सारांशात १,९१२, तक्त्यात १,८५०: वार्षिक अहवालातला आकडा दरवर्षी का फुटतो

एका वर्षी अहवाल डिझायनरकडे नागपूरला जाऊन आला होता, मुखपृष्ठही ठरलं होतं, आणि देणगीदार संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांचा फोन आला. "ताई, सारांशात १,९१२ शेतकरी लिहिलेत, तक्ता ३ मध्ये १,८५० आहेत. महिलांचं प्रमाण एका ठिकाणी ३९ टक्के, तक्त्याखालच्या परिच्छेदात ३६. यातलं खरं कोणतं धरू?"

मी तक्ता उघडला, बेरीज केली. बेरीज बरोबर होती. मग महिलांची टक्केवारी काढली तर ती ना ३९ आली ना ३६, आली ३७. म्हणजे एकाच गोष्टीचे तीन आकडे, आणि तिन्ही आमच्याच ऑफिसातून निघालेले.

यवतमाळ जिल्ह्यात कापूस शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेत हे दरवर्षी होतं. दुसऱ्या संस्थांतल्या मित्रमैत्रिणींना विचारलं तर त्यांच्याकडेही हेच. म्हणून ही एकच केस सविस्तर लिहिते. आकडे उदाहरणासाठी बदलले आहेत, चुकीची जात तीच ठेवली आहे.

तक्ता असा होता:

| तालुका | गावे | शेतकरी | त्यांपैकी महिला |
|---|---|---|---|
| राळेगाव | १४ | ६४० | २५६ |
| घाटंजी | ११ | ५१२ | १८९ |
| केळापूर | ९ | ३८८ | १४० |
| मारेगाव | ८ | ३१० | ९८ |
| एकूण | ४२ | १,८५० | ६८३ |

आणि सारांशाच्या पानावर मोठ्या चौकटीत: "१,९१२ शेतकरी, त्यांपैकी ७४५ महिला (३९ टक्के)".

आधी आकडा बदलू नका, फरक काढा

अशा वेळी हात शिवशिवतो. सारांशातलं १,९१२ खोडून १,८५० टाकलं की झालं, असं वाटतं. आम्ही दोन वर्षं तेच केलं, आणि म्हणूनच ते दर वर्षी परत आलं. ज्या यादीतून तो आकडा उचलला होता ती यादी तशीच राहिली. पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा तिच्यातूनच उचलला.

त्याऐवजी पहिल्यांदा वजाबाकी करायची. १,९१२ वजा १,८५०, म्हणजे ६२. हा ६२ बरंच काही सांगतो, फक्त त्याला प्रश्न नीट विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का? हिशेबनीसांची ही जुनी युक्ती आहे. शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाले, म्हणजे १,८५० चं १,५८० झालं, तर फरक नेहमी नऊच्या पटीत येतो (इथे २७०). भाग जातो म्हणून चूक तीच असं ठरत नाही, पण शोध तिथून सुरू करावा. ६२ ला नऊने भाग जात नाही, त्यामुळे ही टायपिंगची अदलाबदल नाही.

दुसरा प्रश्न: फरक तक्त्यातल्या एखाद्या ओळीएवढा आहे का? असता तर बेरजेत एक तालुका सुटला किंवा दोनदा धरला गेला असता. ६२ ची ओळ कुठेच नाही.

तिसरा प्रश्न मला उशिरा सुचला, आणि गाठ त्यानेच सुटली: हाच फरक शेजारच्या रकान्यातही दिसतो का? महिलांचे दोन आकडे घेतले, ७४५ वजा ६८३. पुन्हा ६२. मग पुरुष मोजले. सारांशाप्रमाणे १,९१२ वजा ७४५, म्हणजे १,१६७. तक्त्याप्रमाणे १,८५० वजा ६८३, म्हणजे १,१६७. पुरुषांचा आकडा दोन्हीकडे तंतोतंत सारखा. म्हणजे सारांशात जे ६२ जास्तीचे आले होते, त्या सगळ्या बायाच होत्या. आता कोणती फाइल उघडायची ते कळलं: महिला बचत गटांची.

क्षेत्र समन्वयकाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी दोन्ही याद्या एकाखाली एक लावल्या ना जी. शेतकरी गटाची अन् बचत गटाची. काहून, चुकलं का?"

त्याचं अर्धं बरोबर होतं. बचत गटातल्या काही बाया शेतकरी गटातही आहेत, प्रशिक्षणाला दोन्हीकडून बसतात आणि दोन्ही हजेरीपत्रकांवर सही करतात. याद्या एकाखाली एक लावल्या की त्या दोनदा मोजल्या जातात. हे तपासायला गूगल शीट्समध्ये एक ओळ पुरते. पहिल्या रकान्यात प्रत्येक व्यक्तीचा नोंदणी क्रमांक आहे असं धरा:

```
=COUNTA(A2:A1913)-COUNTUNIQUE(A2:A1913)
```

उत्तर ६२ आलं. १,९१२ ओळी होत्या, वेगळ्या व्यक्ती १,८५०.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. हे सूत्र फक्त सारखे क्रमांक ओळखतं. एकाच बाईला दोन याद्यांत दोन वेगळे क्रमांक दिले गेले असतील, तर सूत्राला त्या दोन बाया दिसतात. नावावरून जुळवायचं म्हटलं तर माहेरचं आडनाव एका यादीत, सासरचं दुसऱ्या यादीत. मोबाइल क्रमांकही फसवतो, कारण घरात एकच फोन असतो आणि तोच नंबर नवरा, बायको आणि मुलगा तिघांच्या नावापुढे लागतो. सातबाऱ्यावरून जुळवाल तर जमीन सासऱ्याच्या नावावर. त्यामुळे आम्ही शेवटी गावनिहाय यादी छापून गावातल्या कार्यकर्तीसमोर ठेवतो. ४२ गावांना दोन दिवस लागतात. तिच्याइतकी खात्री दुसरं कुणी देत नाही.

मग १,९१२ खोटा होता का?

नाही. तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर होता. "आमच्या गटांमध्ये मिळून किती सदस्यत्वं आहेत?" असं विचारलं तर १,९१२ बरोबर. "आम्ही किती माणसांपर्यंत पोहोचलो?" याचं उत्तर १,८५०. चूक शब्दात होती. "शेतकरी" हा शब्द माणूस मोजतो, आणि त्याच्यासमोर सदस्यत्वाचा आकडा ठेवला होता.

त्यामुळे अहवालात आम्ही दोन्ही गोष्टी सांगितल्या, पण १,९१२ हा आकडा न लिहिता: "१,८५० शेतकरी (६८३ महिला). त्यांपैकी ६२ महिला शेतकरी गट आणि बचत गट अशा दोन्हींच्या सदस्य आहेत." हे वाक्य देणगीदाराला जास्त आवडलं, कारण त्यातून कामाबद्दल एक नवी गोष्ट कळते. नुसता मोठा आकडा ती सांगत नाही.

आणि ३६ कुठून आला?

३९ चा उगम कळला: ७४५ भागिले १,९१२, म्हणजे दोनदा मोजलेल्या बायांसकट. तक्त्याखालच्या परिच्छेदातला ३६ मात्र वेगळ्याच वाटेने आला होता.

परिच्छेद लिहिणाऱ्या ताईंनी प्रत्येक तालुक्याची टक्केवारी काढली. राळेगाव ४०.०, घाटंजी ३६.९, केळापूर ३६.१, मारेगाव ३१.६. मग या चारांची सरासरी घेतली: ३६.१५, म्हणून ३६. यात आकडेमोडीची चूक एकही नाही, तरी उत्तर चुकीचं. कारण या पद्धतीत मारेगावच्या ३१० लोकांना आणि राळेगावच्या ६४० लोकांना सारखंच वजन मिळतं. इथे नेमकं सगळ्यात मोठ्या तालुक्यात महिलांचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं, त्यामुळे खरी टक्केवारी सरासरीपेक्षा वर सरकली. ६८३ भागिले १,८५०, म्हणजे ३६.९, लिहिताना ३७.

टक्क्यांची सरासरी कधीच घ्यायची नाही, असं मी आता सरळ सांगून ठेवलं आहे. सगळे गट सारख्या आकाराचे असतील तर ती जुळते, पण सारख्या आकाराचे तालुके मी अजून पाहिले नाहीत. एकूण टक्का हवा तर एकूण अंश घ्या, एकूण छेद घ्या, भागा. शीटमध्ये एकूणच्या ओळीत टक्क्याच्या रकान्याखाली `AVERAGE` दिसलं की थांबायचं. तिथे असं काही असायला हवं:

```
=D6/C6
```

फरकाने असं काही सांगितलं नाही तर

प्रत्येक वेळी गोष्ट इतकी सुरेख उलगडत नाही. फरकाला काहीच अर्थ लागत नसेल तर मी शीटमधल्या दोन जागा बघते.

एक म्हणजे फिल्टर. कुणीतरी फक्त घाटंजी बघायला फिल्टर लावतो आणि काढायला विसरतो. दुसरा येतो, रकाना निवडतो, खाली उजवीकडे दिसणारी बेरीज वाचून वर्डमध्ये टाइप करतो. एक्सेलमध्ये खालच्या पट्टीवरची ती बेरीज फक्त दिसणाऱ्या ओळींची असते, आणि तक्त्यातलं `SUM` मात्र लपलेल्या ओळीही धरतं. त्यामुळे एकाच पडद्यावर दोन बेरजा दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

दुसरी म्हणजे आकडा असूनही मजकूर म्हणून बसलेल्या पेशी. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेली यादी, आकड्यामागे राहिलेली रिकामी जागा, किंवा "४० अंदाजे" असं लिहिलेली नोंद. `SUM` त्यांना गुपचूप सोडून देतं, एररसुद्धा दाखवत नाही. तपासायला:

```
=COUNTA(C2:C43)-COUNT(C2:C43)
```

उत्तर शून्य यायला हवं. ३ आलं तर ४२ गावांपैकी ३ गावांचा आकडा बेरजेत नाही. या पेशी सहसा डावीकडे चिकटून दिसतात, खरे आकडे उजवीकडे. डोळ्यांना सवय झाली की सूत्राआधीच कळतं.

आणि तारीख. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण आपल्याकडचा कापूस त्या दिवशी संपत नाही. भाव चढेल या आशेने घरात साठवलेला कापूस एप्रिल-मे मध्ये विकला जातो, आणि विक्रीचा तक्ता त्यानंतर पुन्हा भरला जातो. मजकूर मार्चअखेरच्या फाइलवरून लिहिला आणि तक्ता जूनच्या फाइलवरून घेतला, तर उत्पन्नाचा आकडा फुटणारच. इथे बेरीज तपासून काही हाती लागत नाही. फाइलच्या नावातली तारीख बघावी लागते.

टक्का बरोबर, पण कशाचा?

त्याच अहवालात आणखी एक जागा होती. ती कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटली, माझ्या मात्र नाही. मजकुरात: "७० टक्के शेतकऱ्यांचा फवारणीचा खर्च कमी झाला, म्हणजेच १,२९५ शेतकरी कुटुंबांना दिलासा मिळाला." परिशिष्टातल्या तक्त्यात त्याच प्रश्नासमोर ६२ टक्के.

हंगाम संपल्यावर आम्ही २४० शेतकऱ्यांचा नमुना निवडला होता. भेटले २११. बाकीचे २९ कुणी मजुरीला बाहेरगावी, कुणी दोनदा जाऊनही घरी नाही. भेटलेल्यांपैकी १४८ जणांनी खर्च कमी झाल्याचं सांगितलं. १४८ भागिले २११ म्हणजे ७०. १४८ भागिले २४० म्हणजे ६२. मजकूर लिहिणाऱ्याने भेटलेले धरले, तक्ता करणाऱ्याने निवडलेले. यात खोटं कुणीच नव्हतं, पण छेद कुणीच लिहिला नव्हता.

खरी अडचण १,२९५ ची होती. तो आकडा कोणत्याही यादीत नाही. १,८५० ला ७० टक्क्यांनी गुणून तो बनवला होता. नमुन्यातला टक्का सगळ्यांवर पसरवायचा तर नमुना कसा निवडला ते सांगावं लागतं आणि "अंदाजे" म्हणावं लागतं. "१,२९५ कुटुंबांना दिलासा मिळाला" हे वाक्य तर असं वाचलं जातं की जणू आम्ही १,२९५ दारं ठोठावली. लेखापरीक्षकाने ती यादी मागितली तर काय दाखवायचं? शिवाय शेतकऱ्याचं कुटुंब कधी झालं, तेही कळत नाही. एका घरातले दोघं यादीत असू शकतात.

दुरुस्त वाक्य: "निवडलेल्या २४० शेतकऱ्यांपैकी २११ जणांची मुलाखत झाली. त्यांपैकी १४८ जणांनी (७० टक्के) आदल्या हंगामापेक्षा फवारणीचा खर्च कमी झाल्याचे सांगितले." परिशिष्टातही छेद २११ केला आणि खाली टीप दिली. न भेटलेल्या २९ जणांपैकी एकाचाही खर्च कमी झाला नसेल असं धरलं तर प्रमाण ६२ वर येतं, सगळ्यांचा झाला असेल तर १७७ भागिले २४०, म्हणजे ७४ वर जातं. ही दोन टोकं टिपेत लिहिली. संचालक म्हणाले, "एवढं कशाला उघडं करायचं?" मी म्हटलं, ते आपणच सांगितलेलं बरं. देणगीदाराने गणित करून विचारलं तर जास्त वाईट दिसेल.

टक्क्यांबाबत आणखी एवढंच. ४२ वरून ५४ टक्के झालं तर ती "१२ टक्के वाढ" नाही. ती १२ टक्केबिंदूंची वाढ आहे, आणि टक्क्यांत सांगायची तर साधारण २९ टक्के. वाचणाऱ्याचा गोंधळ टाळायला आम्ही "४२ वरून ५४ टक्क्यांवर" असंच लिहितो.

आकडेवही

आता जे करतो ते साधं आहे. अहवालाचा पहिला मसुदा लिहिण्याआधी एक शीट उघडतो, तिला आकडेवही म्हणतो. मजकुरात जाणारा प्रत्येक आकडा एका ओळीत: आकड्याचं नाव, तो नेमकं काय मोजतो, कोणत्या तारखेपर्यंतचा, टक्का असेल तर अंश आणि छेद वेगळे, कोणत्या फाइलमधून आला, आणि अहवालात कुठे कुठे येतो. "शेतकरी, वेगळ्या व्यक्ती, ३१ मार्चपर्यंत, १,८५०, सारांश, तक्ता ३, प्रकरण २, मागचं पान." शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. आकडा बदलला की तो कुठे कुठे बदलायचा ते लगेच दिसतं.

नियम एकच: वहीत नसलेला आकडा मजकुरात जात नाही. पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली. "एक फोटोओळ लिहायची तर वही काय उघडायची?" फोटोओळीतच "२,००० हून अधिक शेतकरी" निघालं होतं, हे त्यांना दाखवावं लागलं.

खर्चाचे आकडे या वहीत आम्ही स्वतः भरत नाही. ते लेखापरीक्षित जमाखर्चातूनच येतात आणि हिशेब बघणारे काका ते भरतात. परदेशी निधी असेल तर त्याच्या एफसी-४ या वार्षिक विवरणपत्रात भरलेला आकडा आणि अहवालातला आकडा एकच असला पाहिजे. इंग्रजी आवृत्तीत १८.५ लाखांचं १८.५ मिलियन झालेलं मी स्वतः पकडलं आहे. ते १.८५ मिलियन हवं होतं, म्हणजे एका शब्दाने खर्च दहापट झाला होता. म्हणून वहीत रुपये पूर्ण लिहितो, १८,५०,०००, आणि लाख किंवा मिलियन शेवटी करतो.

शेवटचं वाचन

छपाईआधी अहवाल कागदावर छापून घेतो. दोघं बसतात, आणि त्यातला एक तरी अहवाल न लिहिलेला हवा. एक जण मजकूर मोठ्याने वाचतो, दुसऱ्याचं बोट आकडेवहीवर. प्रत्येक आकड्याला पेन्सिलने गोल. "तिप्पट", "निम्म्याहून जास्त", "दर तिघांत एक" यांनाही गोल, कारण तेही आकडेच आहेत आणि तेच सगळ्यात जास्त निसटतात. ६० पानांना आम्हाला साधारण एक दुपार लागते.

मग पीडीएफमध्ये जुना आकडा शोधतो. १,९१२ स्वल्पविरामासह, १९१२ शिवाय, दोन्ही देवनागरीत आणि इंग्रजी आकड्यांतही. डिझायनरने काही फॉन्ट जुन्या पद्धतीचे वापरले असतील तर देवनागरी शोधात काहीच सापडत नाही, त्यामुळे "सापडलं नाही" यावर विश्वास ठेवण्याआधी एखादा नक्की असलेला आकडा शोधून बघायचा. चित्र म्हणून बसवलेल्या चौकटी आणि नकाशे शोधात येतच नाहीत. ते डोळ्यांनीच वाचायचे. त्या वर्षी सगळं दुरुस्त झाल्यावरही एक १,९१२ राहिला होता, मागच्या मुखपृष्ठावरच्या नकाशात, राळेगावच्या बाजूला बारीक अक्षरात. तो हिशेबवाल्या काकांना चष्मा पुसून पुन्हा बघताना दिसला.